‘मक्खन गाडी’ म्हणा, पण मीटरचा आकडा सांभाळून सांगा

सेल्स शिकवणारे अर्धे लोक सांगतात की थोडं वाढवून सांगितल्याशिवाय माल विकला जात नाही. आणि उरलेले अर्धे सांगतात की कधीही वाढवून सांगू नका. माझ्या मते दोघांनाही रेषा नेमकी कुठे आहे हे माहीत नाही. कायदा तुम्हाला कौतुक करायला अडवत नाही. तो एका विशिष्ट प्रकारच्या वाक्याला अडवतो, आणि ते वाक्य ओळखायला सेकंड हँड गाडीच्या व्यवहाराइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. आपल्यापैकी कित्येकांचा धंदा जुन्या व्हॅनवर किंवा टेम्पोवर सुरू होतो. काही जण तर गाड्यांच्याच खरेदी-विक्रीत उतरतात. त्यामुळे हा लेख घेणाऱ्यासाठीही आहे आणि विकणाऱ्यासाठीही.

समजा, सांगलीत टिफिनचा धंदा करणाऱ्या एका ताईंना डबे पोचवायला व्हॅन हवी आहे. त्या एका डीलरकडे जातात. सात वर्षं जुनी व्हॅन, किंमत ४,१०,००० रुपये. डीलर बोलायला लागतो:

“ताई, एकदम मक्खन गाडी आहे. अशी गाडी अख्ख्या सांगलीत मिळणार नाही. अ‍ॅव्हरेज पण झकास देते. ४२,००० किलोमीटर फिरलीय फक्त, मीटर ओरिजिनल. अ‍ॅक्सिडेंट नाही, ठोकर नाही. दोन वर्षं इंजिनला हात लावायला लागणार नाही बघा.”

एका दमात सहा-सात गोष्टी बोलून झाल्या. ताई गाडी घेतात, स्वतःच्या नावावर करतात, आत डब्यांसाठी रॅक बसवून घेतात. तीन आठवड्यांनी क्लच घसरायला लागतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाला गाडीचा नंबर टाकून जुनी नोंद काढतो आणि म्हणतो, “ताई, ही गाडी दीड वर्षापूर्वी आमच्याकडे आली तेव्हाच मीटर ९६,००० होतं.”

आता डीलरची वाक्यं एकेक करून बघू.

‘मक्खन गाडी’ आणि ‘अख्ख्या सांगलीत मिळणार नाही’ ही निव्वळ विक्रीची भाषा. ती खरी की खोटी हे तपासता येत नाही, आणि कुठलाही शहाणा माणूस त्यावर विसंबून चार लाख मोजत नाही. कोर्टात हे वाक्य घेऊन गेलात तर न्यायाधीश हसतील. ‘अ‍ॅव्हरेज झकास देते’ हे मत आहे. तेही बहुतेक वेळा सुटतं. पण हेच वाक्य ‘लिटरला १८ देते, मी स्वतः मोजलंय’ असं असतं, तर गोष्ट बदलली असती, कारण आता ते मत राहिलं नाही, घडलेल्या गोष्टीबद्दलचं विधान झालं.

‘४२,००० फिरलीय, मीटर ओरिजिनल’ हे सरळसरळ वस्तुस्थितीचं विधान. ‘अ‍ॅक्सिडेंट नाही’ हेही तसंच. ही दोन वाक्यं खोटी निघाली तर ‘अहो, ते तर आम्ही सगळ्यांनाच बोलतो’ हा बचाव चालत नाही. आणि ‘दोन वर्षं इंजिनला हात लावायला लागणार नाही’ हे मधलं वाक्य आहे. भविष्याबद्दलचा अंदाज म्हणून ते सुटू शकतं. पण डीलरने पावतीवर ‘इंजिन दोन वर्षं गॅरंटी’ लिहून दिलं, तर तो अंदाज नाही, वचन झालं. आणि बोलताना त्याला इंजिन तेल पितंय हे माहीत असेल, तर अंदाजाच्या आड लपलेलं ते खोटं आहे.

माझी स्वतःची साधी चाचणी अशी: वाक्य ऐकल्यावर ‘कशावरून?’ असं विचारता येतं का, आणि त्याचं उत्तर एखाद्या कागदात, मशीनमध्ये किंवा नोंदीत सापडू शकतं का? सापडू शकत असेल तर ते विक्रीचं बोलणं नाही. वकिलांच्या भाषेत ते निवेदन आहे, आणि खोटं निघालं तर मिसरिप्रेझेंटेशन.

ह्यात एक गोष्ट लोक विसरतात. बोलणारा कोण आहे यावरही बरंच ठरतं. इंग्लंडमधले दोन जुने खटले शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. १९५७ चा ऑस्कर चेस विरुद्ध विल्यम्स. एका साध्या ग्राहकाने आपली जुनी मॉरिस गाडी डीलरला देऊन नवी घेतली. गाडीच्या नोंदणी पुस्तकात १९४८ चं मॉडेल लिहिलेलं होतं, त्यानेही तेच सांगितलं. नंतर कळलं की गाडी १९३९ ची आहे, पुस्तकात आधीच कोणीतरी खाडाखोड केली होती. डीलरने फरकाचे ११५ पाउंड मागितले. कोर्टाने दिले नाहीत. ग्राहक पुस्तकात लिहिलेलंच बोलत होता, त्याला गाड्यांचं विशेष ज्ञान नव्हतं, उलट डीलरच जाणकार होता. आणि १९६५ चा डिक बेंटली विरुद्ध हॅरॉल्ड स्मिथ मोटर्स. इथे डीलरने सांगितलं की नवं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवल्यापासून गाडी २०,००० मैलच चालली आहे. ते खोटं निघालं. कोर्टाने डीलरचं हे बोलणं कराराचाच भाग मानलं आणि भरपाई दिली, कारण गाडीचा इतिहास शोधून काढणं डीलरला शक्य होतं, त्याचं कामच ते होतं.

म्हणजे आकड्याबद्दलचं तेच वाक्य तुमचा शेजारी बोलला तर वजन वेगळं, आणि बोर्ड लावून बसलेला डीलर बोलला तर वेगळं. आपल्याकडच्या कोर्टांवर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण विचार हाच लावला जातो. तुम्ही गाड्यांच्या धंद्यात उतरणार असाल तर हे आधी पक्कं डोक्यात घ्या. धंद्याचा बोर्ड लावला की तुमच्या शब्दाची किंमत वाढते, दोन्ही अर्थांनी.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. भारतीय करार कायदा, १८७२. ह्यातली तीन कलमं आधी बघू: १७, १८ आणि १९. कलम १७ म्हणजे कपट. स्वतःला खरं वाटत नसताना एखादी गोष्ट खरी म्हणून सांगणं, किंवा माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं. डीलरने स्वतः मीटर मागे फिरवलं असेल तर हे झालं. कलम १८ म्हणजे मिसरिप्रेझेंटेशन, आणि माझ्या मते प्रामाणिक धंदेवाल्याला खरा धोका इथे आहे. त्यात असं म्हटलंय की तुमच्याकडच्या माहितीवरून जे ठामपणे सांगता येत नाही, ते ठामपणे सांगितलं आणि ते खोटं निघालं, तर तुम्हाला स्वतःला ते खरं वाटत होतं तरी ते मिसरिप्रेझेंटेशनच.

परत वाचा हे. समजा आपल्या डीलरने मीटर फिरवलंच नाही. आधीच्या मालकाने फिरवून त्याला गाडी विकली, आणि त्याने मीटर बघून ‘ओरिजिनल’ म्हटलं. त्याच्या मनात पाप नव्हतं. तरीही सर्व्हिस रेकॉर्ड न काढता त्याने ‘ओरिजिनल’ हा शब्द वापरला. तो शब्द त्याला परवडणारा नव्हता. कपटाचा ठपका टळेल, पण करार रद्द होण्याची पाळी टळणार नाही.

मग डीलरने काय बोलायचं? “मीटरवर ४२,००० दिसतंय. मी सर्व्हिस रेकॉर्ड काढलेलं नाही, तुम्ही काढून बघा.” बस. ह्याने गिऱ्हाईक पळतं असं ज्यांना वाटतं त्यांना माझा सवाल आहे: रेकॉर्ड काढायला तुम्हाला एक फोन आणि अर्धा तास लागतो, मग काढून त्याची प्रिंट गाडीच्या काचेला का नाही लावत? ती प्रिंट ‘मक्खन’पेक्षा जास्त विकते.

आणि गप्प बसलं तर? ह्याबद्दल कायद्यातच घोड्याचं उदाहरण दिलंय, मला ते फार आवडतं. लिलावात एकाने रोगी घोडा विकला, त्याला ते माहीत होतं, पण तो काही बोलला नाही. हे कपट नाही. पण घेणारा म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो,” आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. जुन्या गाडीला हे जसंच्या तसं लागू होतं. म्हणून घेणाऱ्याने पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकायचा: ‘दादा, तुमच्या सांगण्यावरून गाडी ४२,००० फिरलेली आहे, मीटर बदललेलं किंवा मागे केलेलं नाही, अपघात झालेला नाही, असं समजून मी उद्या टोकन देतेय. काही वेगळं असेल तर आज कळवा.’ उत्तर आलं तर पुरावा. नाही आलं, तर घोड्याची गोष्ट.

आता कलम १९. संमती अशा खोट्या निवेदनामुळे दिली गेली असेल, तर करार फसलेल्या माणसाच्या मर्जीने रद्द करता येतो. ‘मर्जीने’ हा शब्द महत्त्वाचा. करार आपोआप रद्द होत नाही. ताईंनी ठरवायचं असतं की गाडी परत देऊन पैसे घ्यायचे, की गाडी ठेवून ‘तुम्ही सांगितलं ते खरं असतं तर मी ज्या स्थितीत असते तिथे मला आणा’ म्हणायचं.

पण ह्याच कलमात एक अपवाद आहे, आणि डीलरचा वकील पहिल्याच दिवशी तो पुढे करतो. साधी काळजी घेऊन घेणाऱ्याला सत्य कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. उदाहरणार्थ, डीलर ‘फर्स्ट ओनर’ म्हणाला आणि आरसीवर दुसरा मालक स्पष्ट छापलेला होता, ती आरसी तुमच्या हातात होती, तर तुमची बाजू दुबळी. मात्र हा अपवाद नीट वाचला की कळतं, तो मिसरिप्रेझेंटेशनला आणि गप्प बसून केलेल्या कपटाला लागू आहे. तोंडाने जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याला तो वाचवत नाही. ‘तू तपासलं का नाहीस’ असं खोटारड्याने विचारायचं नसतं, इतकी साधी नीती त्यात आहे. त्यामुळे मीटर कोणी फिरवलं आणि डीलरला ते माहीत होतं का, हा प्रश्न खटल्यात फार मोलाचा ठरतो.

माहीत होतं हे कसं दाखवायचं? तो कबूल तर करणार नाही. पण खुणा असतात. ४२,००० वर सहसा मूळचेच टायर असायला हवेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘३१२३’ म्हणजे २०२३ मधला ३१ वा आठवडा. गाडी सात वर्षांची आणि चारही टायर नंतरचे, म्हणजे एक जोड आधीच झिजून गेलाय. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं किंवा अगदी कोरं करकरीत, दोन्ही संशयास्पद. दाराच्या कडेला ऑइल बदलल्याचं स्टिकर राहून गेलेलं असतं, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. आधीच्या मालकाच्या विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर आदल्या वर्षी क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी, मग ‘ठोकर नाही’ कसं? ज्याचा रोजचा धंदाच हा, त्याला ह्या गोष्टी दिसल्या नाहीत म्हणणं अवघड जातं. अर्थात एकेक खूण पुरावा होत नाही. सर्व्हिस सेंटरची लेखी नोंद हा खरा पुरावा, बाकीचं तिला टेकू.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो. छोटे धंदेवाले खटला खोट्या मीटरमुळे हरत नाहीत. ते हरतात त्यानंतरच्या दहा दिवसांत, स्वतःच्याच वागण्याने.

१९५८ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने लाँग विरुद्ध लॉइड हा खटला निकाली काढला. घेणारा मालवाहतूक करणारा, म्हणजे आपल्यासारखाच छोटा धंदेवाला. त्याने ७५० पाउंडांना जुना ट्रक घेतला. जाहिरातीत ट्रक ‘अपवादात्मक चांगल्या स्थितीत’ असल्याचं लिहिलं होतं. पहिल्याच फेरीत डायनामो बंद पडला, ऑइल सील गळायला लागलं, एका चाकाला तडा गेलेला दिसला, आणि ४० मैलांना आठ गॅलन इंधन गेलं. त्याने विकणाऱ्याला फोन केला. विकणारा म्हणाला, डायनामोचा अर्धा खर्च मी देतो. ह्याने ते मान्य केलं, डायनामो बसवला आणि ट्रक पुन्हा लांबच्या फेरीवर पाठवला. तिथे तो बंदच पडला. मग हा म्हणाला, ट्रक परत घ्या, पैसे द्या.

कोर्टाने नकार दिला. निवेदन खोटं होतं हे मान्य झालं, पण विकणाऱ्याने ते मुद्दाम केलेलं नव्हतं. आणि दोष कळल्यावरही ह्याने दुरुस्तीचा अर्धा खर्च स्वीकारून ट्रक धंद्याला लावला, म्हणजे त्याने ट्रक पत्करला. रद्द करण्याचा हक्क संपला. शिवाय तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात अशा निष्पाप चुकीच्या निवेदनाबद्दल भरपाईही मिळत नव्हती. त्याच्या हातात काहीच आलं नाही. पुढे १९६७ मध्ये तिथे वेगळा कायदा करून भरपाईचा रस्ता रुंद केला गेला, पण ह्या माणसाला त्याचा काय उपयोग.

आपल्याकडेही तेच तत्त्व आहे. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम २७ प्रमाणे, ज्याने शब्दाने किंवा वागण्याने करार पक्का मानला, त्याला तो रद्द करून देण्याचं कोर्ट नाकारू शकतं. दोन्ही बाजूंना मूळ स्थितीत आणणं शक्य राहिलं नसेल, किंवा मधल्या काळात तिसऱ्या माणसाने प्रामाणिकपणे त्या वस्तूत हक्क मिळवला असेल, तरीही.

ताईंच्या बाबतीत विचार करा. सोमवारी सर्व्हिस सेंटरने ९६,००० ची नोंद दाखवली. डबे तर मंगळवारीही पोचवायचेत. डीलर फोनवर गोड बोलतो: “ताई, कशाला तापताय, क्लचचा अर्धा खर्च मी देतो.” ताई हो म्हणतात. महिनाभर गाडी वापरतात. मग पंधराशे किलोमीटर जास्त चालवून म्हणतात की करार रद्द. हे लाँगच्या ट्रकचंच झालं. मी म्हणेन, कळल्याच्या दिवशी गाडी उभी करा. भाड्याने दुसरी गाडी घ्या, दिवसाला १,२०० रुपये जातील, जाऊ देत, पावत्या ठेवा. मीटरचा फोटो काढा, त्यावर तारीख येईल असा. आणि लेखी कळवा. साधी मराठी पुरे: ‘तुम्ही गाडी ४२,००० किलोमीटर फिरल्याचं सांगितलं होतं. सोबत जोडलेल्या नोंदीप्रमाणे ते खोटं आहे. मी खरेदीचा करार रद्द करत आहे. गाडी आजपासून वापरलेली नाही आणि माझ्या जागेत उभी आहे. १५ दिवसांत ४,१०,००० रुपये व झालेला खर्च देऊन गाडी घेऊन जावी.’ स्पीड पोस्टाने पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर हप्ता थांबवू नका. बँकेशी तुमचा करार वेगळा आहे, डीलरच्या खोट्याने तो थांबत नाही.

पण धंदा खरंच थांबवता येत नसेल तर? तर रागाच्या भरात ‘रद्द’ म्हणूच नका. दुसरा रस्ता धरा. गाडी ठेवा आणि फरक मागा, आणि हेही लेखी सांगा की मी भरपाईचा हक्क राखून गाडी वापरतेय. माझं मत विचाराल तर बहुतेक छोट्या धंद्यांना हाच रस्ता परवडतो. चार लाख परत मिळेपर्यंत गाडीही उभी आणि पैसेही अडकलेले, हे सोसण्याइतकं भांडवल आपल्याकडे नसतं. दोन्ही रस्ते एकदम धरणारा मात्र दोन्हीकडून पडतो.

पैशांचा हिशोब दोन्ही रस्त्यांना वेगळा होतो. आधी रद्दचा. ४,१०,००० परत. आरसी नावावर करायला आणि विम्याला ९,००० गेले, ते वाया. रॅकला २२,००० लागले, पण रॅक काढून दुसऱ्या गाडीत बसवता आले तर १५,००० चा माल हातात राहतो, म्हणून नुकसान ७,००० च. भाड्याच्या गाडीचे २० दिवसांचे २४,०००. एकूण ४,५०,०००. ह्यातून, कळायच्या आधी ताईंनी गाडी जी वापरली तिचा मोबदला वजा होऊ शकतो, कारण कलम ६४ प्रमाणे रद्द करणाऱ्यानेही मिळालेला लाभ परत द्यायचा असतो. वरच्या खर्चाची मागणी कलम ७५ खाली, कराराप्रमाणे न मिळाल्याने झालेलं नुकसान म्हणून.

एक ऑर्डर हातची गेली, लग्नाचं ८०,००० चं काम, तेही मागू का? इथे हात आखडावा लागतो. कलम ७३ चा नियम असा की नुकसान नेहमीच्या ओघात होणारं हवं, किंवा करार करतानाच दोघांना त्याची कल्पना असायला हवी. ‘गाडी टिफिनच्या धंद्याला हवीय’ हे डीलरला माहीत होतं, म्हणून भाड्याच्या गाडीचा खर्च मागता येईल. पण त्या विशिष्ट लग्नाबद्दल त्याला सांगितलंच नव्हतं, तर ते पैसे मिळणं कठीण. आणि मिळाले तरी ८०,००० नाहीत, खर्च वजा जाता उरणारा नफा फक्त.

आता गाडी ठेवून फरक मागायचा हिशोब. खरंच ४२,००० फिरलेल्या अशा व्हॅनचा बाजारभाव किती, आणि आहे त्या स्थितीत हिचा किती, ह्यातला फरक. समजा पहिला ४,१०,००० आणि दुसरा ३,०५,०००. मागणी १,०५,०००. ताईंनी घासाघीस चांगली केली असेल आणि बाजारभाव खरं म्हणजे ४,३५,००० असेल, तर फरक १,३०,०००. चांगल्या सौद्याचा फायदा ताईंचाच, तो डीलरच्या खिशात जात नाही. मात्र ह्यावर परत क्लचचे ११,००० जोडू नका. जास्त फिरलेल्या गाडीचा क्लच झिजलेला असणारच, आणि ती झीज ३,०५,००० ह्या कमी भावात आधीच धरलेली आहे. एकच नुकसान दोनदा मागितलं की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो. भाव सिद्ध करायला दुसऱ्या दोन डीलरांचे लेखी कोटेशन आणि वर्कशॉपचं जॉब कार्ड घ्या.

पावतीवर ‘गाडी जशी आहे तशी’ छापलेलं असतं, त्याला लोक उगाच घाबरतात. त्या ओळीने सीट फाटलेलं, पॅचवर्क दिसतंय, असल्या तक्रारी संपतात. जाणूनबुजून सांगितलेलं खोटं त्याने धुतलं जात नाही. त्याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची घ्या: पावती कोणाच्या नावाची आहे? भांडण झालं की डीलर म्हणतो, “मी तर मध्यस्थ, गाडी त्या मालकाची.” कलम २३८ प्रमाणे एजंटने त्याच्या कामाच्या ओघात केलेलं खोटं निवेदन मालकाने केल्यासारखंच धरलं जातं, म्हणजे मालक सुटत नाही. पण पैसे कोणाच्या खात्यात गेले हेच स्पष्ट नसेल तर तुम्ही दोघांमध्ये फुटबॉल होता. म्हणून रोख नको, ट्रान्सफर करा. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते बघायला मागा. मागितल्यावर चेहरा कसा होतो तेही बघा.

दाद कुठे मागायची? दिवाणी कोर्ट आहेच. करार रद्द करण्याच्या दाव्याला, सत्य कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. पण ताईंना ग्राहक आयोग सोयीचा. तिथे डीलर हमखास म्हणेल की गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून ह्या ग्राहकच नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळलाय हे खरं. पण त्याच व्याख्येत खुलासा आहे: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. ताई स्वतः डबे करतात, स्वतः किंवा घरच्या माणसाला घेऊन पोचवतात, तर त्या ह्यात बसतात. दहा गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असलेला केटरर बसेल का, ह्याची मला खात्री देता येणार नाही. त्याने सरळ दिवाणी कोर्टाचा विचार करावा. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात ‘ही गाडी माझ्या स्वयंरोजगारासाठी, उपजीविकेसाठी घेतली’ हे लिहा, आणि त्याला जुळणारा कागद जोडा, फूड लायसन्स किंवा उद्यम नोंदणी, जे असेल ते. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवता येते. कधी कधी तेवढ्यानेच डीलरचा फोन येतो आणि तडजोडीची भाषा सुरू होते. तडजोड केलीत तर ‘अर्धा खर्च’ असं मोघम घेऊ नका. किती रुपये, कशापोटी, आणि बाकीचा हक्क सोडला की राखला, हे त्याच कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.